दोन दुकानं, दोन रुपये आणि साखर

«माझी दोन किराणा दुकानं आहेत, एक सांगलीत विश्रामबागला, दुसरं मिरजेत मार्केटजवळ. सुट्टी साखर दोन्हीकडे ४४ रुपयांनी विकतो, मला ती हमाली-तूट धरून ४१ ला पडते. एका दुकानात महिन्याला ५० किलोची तीसेक पोती जातात. भाव ४६ केला तर गिऱ्हाईक किती तुटेल हे एका दुकानात वाढवून बघायचं म्हणतोय. किती दिवस बघू, आणि आकडे आले की ते वाचायचे कसे?»

हा प्रयोग मी साताऱ्यात माझ्या दोन दुकानांत केलेला आहे आणि साखरेवरच केला होता. त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि वहीतलं जास्त सांगतो.

भाव वाढवायच्या आधी एक हिशोब पाटीवर मांडा. आज किलोमागे तुम्हाला ३ रुपये सुटतात. ४६ केल्यावर ५ सुटतील. तीस पोती म्हणजे १५०० किलो, आजचा नफा ४५०० रुपये. ५ रुपयांच्या हिशोबाने तेवढेच ४५०० मिळवायला ९०० किलोच विकावी लागेल. म्हणजे साखरेची विक्री ४० टक्के पडली तरी साखरेपुरतं तुमचं नुकसान नाही. हे बघून कुणालाही वाटेल की मग प्रयोग कशाला, उद्याच पाटी बदलू.

फसायची जागा हीच. आपण साखर विकतो ती साखरेतल्या तीन रुपयांसाठी नाही. महिन्याची यादी घेऊन येणाऱ्या बाईला डाळीचा, पोह्यांचा, शेंगदाण्याचा भाव नेमका पाठ नसतो, पण साखरेचा असतो. त्या एका भावावरून ती अख्ख्या दुकानाला स्वस्त किंवा महाग ठरवते. समजा तुमची विक्री दहाच टक्के पडली. १३५० किलो गुणिले ५, म्हणजे ६७५० रुपये, आजच्यापेक्षा २२५० जास्त. आता एका घराची महिन्याची यादी अडीच हजारांची धरा आणि त्यात तुम्हाला सरासरी दहा टक्के, म्हणजे २५० रुपये सुटतात असं धरा. २२५० ला २५० ने भागा. नऊ घरं. यादीवाली नऊ घरं दुकान सोडून गेली की साखरेने मिळवून दिलेले सगळे पैसे गेले, आणि दहावं घर गेलं की तोटा सुरू.

म्हणून तुमच्या प्रयोगाने उत्तर द्यायचं आहे ते ‘किती किलो घटली’ याचं नाही. ‘कोणाची घटली, आणि तो माणूस बाकीची यादी कुठे घेऊन गेला’ याचं आहे. पुढे सांगतो ती सगळी मांडणी या एका प्रश्नासाठी आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. चहात दीड चमचा साखर घालणारं घर दोन रुपये वाढले म्हणून एक चमचा घालत नाही. घरातला खप तोच राहतो, बदलते ती खरेदीची जागा. त्यामुळे तुम्ही मोजणार आहात ते साखरेची गरज भावाने किती हलते हे नसून तुमच्या दुकानातून दुसऱ्या दुकानात किती साखर सरकते हे. याचा एक अर्थ असा की उत्तर शेजाऱ्याच्या पाटीवर अवलंबून आहे. प्रयोग चालू असेपर्यंत दर सोमवारी दोन्ही दुकानांच्या आसपासच्या दोन-दोन दुकानांचा साखरेचा भाव वहीत टिपा. तुमचं बघून शेजाऱ्यानेही ४६ केले आणि तुमची विक्री पडली नाही, तर तुम्ही काहीच शिकला नाहीत. फक्त शेजारी शिकला.

आता दोन दुकानं कशाला हवीत ते. आमचं एक दुकान राजवाड्याच्या बाजूला जुन्या पेठेत, दुसरं गोडोलीत. तेव्हा साखर आम्हाला ३७ ला पडत होती आणि आम्ही ४० ला देत होतो, म्हणजे सुटणारे पैसे तुमच्याइतकेच. जूनमध्ये गोडोलीत ४२ केले, राजवाड्याला ४० च ठेवले. गोडोलीची नेहमीची विक्री, महिन्याच्या १ ते २३ तारखेची, १५०० किलो होती. (२३ च का, ते पुढे येईल.) जूनमध्ये ती १२९० झाली. भावाने चौदा टक्के पाडली असं मी त्या संध्याकाळी वडिलांना सांगितलंही. मग राजवाड्याची वही उघडली. तिथे भाव बदललाच नव्हता, तरी १२०० ची ११४० झाली होती. मे महिन्यातलं सरबत आणि आमरस संपलेला, वर शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं, त्यामुळे जूनमध्ये सगळ्यांचाच हात आखडलेला. म्हणजे गोडोलीची पाचेक टक्के घट भाव वाढवला नसता तरी आलीच असती.

म्हणून किलो बघायचे नाहीत, दोन दुकानांचं गुणोत्तर बघायचं. गोडोली भागिले राजवाडा, नेहमीचं १५०० भागिले १२००, म्हणजे १.२५. जूनमध्ये १२९० भागिले ११४०, म्हणजे १.१३. १.१३ ला १.२५ ने भागलं की ०.९०५ च्या आसपास येतं. भावामुळे पडलेली घट साडेनऊ टक्के, चौदा नव्हे. दुसरं दुकान इथे आरशाचं काम करतं. हंगाम, पाऊस, पगार, सण यांचं जे दोन्हीकडे सारखं घडतं ते भागाकारात आपोआप निघून जातं.

पण जे दोन्हीकडे सारखं घडत नाही ते निघून जात नाही, आणि तुमच्या बाबतीत हे जपायला हवं. विश्रामबागला नोकरदार आणि कॉलेजची वस्ती, तिथली खरेदी पगाराच्या आठवड्यात. मिरज मार्केटला रोजंदारीचं आणि खेड्यातून बाजाराला येणारं गिऱ्हाईक. रमजानमध्ये आणि ईदच्या शिरखुर्म्याला मिरजेचा खप जेवढा वाढेल तेवढा विश्रामबागचा वाढणार नाही. सगळ्यात मोठी अडचण आपल्या भागाचीच आहे, ती म्हणजे सभासदांची साखर. कारखान्याने सवलतीची साखर वाटली की ज्या घरात शेअर आहे त्या घराची दुकानातली साखर पुढचे काही महिने बंद. बहुतेक ठिकाणी हे वाटप दिवाळीच्या आगेमागे होतं, पण प्रत्येक कारखान्याचं वेगळं. तुमच्या मिरजेच्या गिऱ्हाइकात खेड्यांवरचे किती आणि त्यांचा कारखाना साखर कधी देतो, हे दुकानातल्या पोरांना विचारा, त्यांना ठाऊक असतं. त्या महिन्यात प्रयोग ठेवलात तर मिरजेची साखर भावामुळे पडली की कारखान्यामुळे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

श्रावण ते दिवाळी सोडा, संक्रांत सोडा, पाडव्याचे श्रीखंडाचे दिवस सोडा, लग्नसराई ऐन भरात असेल तो महिना सोडा. राहतो जून आणि श्रावण लागेपर्यंतचा जुलै. सांगलीकरांना सांगायला नको, पण जुलैत आयर्विन पुलाच्या पातळीकडे लोकांचं लक्ष लागलं की माणसं घाबरून किराणा भरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत जे झालं तसं काही दिसायला लागलं तर प्रयोग तिथेच थांबवा. ते आठवडे नंतर गाळून उपयोग होत नाही, कारण घरात भरलेली साखर पुढचा महिनाभर विक्री खाते.

मुदतीचं विचारलंत. दोन आठवड्यांत हे होत नाही. एका दुकानात एक महिना वाढीव भाव, मग अदलाबदल करून दुसऱ्या दुकानात एक महिना, आणि आधीच्या सहा महिन्यांच्या जुन्या नोंदी. अदलाबदल यासाठी की एकाच दुकानात वाढवून थांबलात तर त्या महिन्यात तिथेच नेमका रस्ता खोदला होता की काय, ही शंका उरते. दोन्ही दुकानांनी आळीपाळीने वाढीव भाव सोसला की ती शंका बरीचशी फिटते.

तारखेची एक युक्ती सांगतो, ती आम्हाला पहिल्यांदा हात पोळल्यावर सुचली. भाव १ तारखेला बदलू नका. पहिल्या आठवड्यात निम्म्या घरांना नवा भाव ठाऊकच नसतो. ती यादी देतात, बिल होतं, घरी गेल्यावर बघतात. त्यांचा राग पुढच्या महिन्यात दिसतो, आणि तोवर तुमचा प्रयोग संपलेला असतो. म्हणून भाव २४ तारखेला बदलायचा. महिन्याचा शेवटचा आठवडा सुट्ट्या किलो-अर्ध्या किलोच्या गिऱ्हाइकाचा. पाटी वाचली जाते, ‘साखर वाढवली की हो यांनी’ हे गल्लीभर होतं, आणि १ तारखेला यादीवाला येतो तेव्हा त्याला ते माहीत असतं. मोजणी १ ते २३. २४ ला अदलाबदल, पुन्हा १ ते २३. मधला आठवडा मोजायचा नाही. महिन्याच्या तारखा धरल्यामुळे प्रत्येक मोजणीत पगाराचा आठवडा एकदाच येतो, हा दुसरा फायदा. जुन्या महिन्यांचे आकडेही १ ते २३ चेच काढायचे.

४५ का करू नये, तर अर्ध्या किलोचे साडेबावीस होतात. काउंटरवरचा मुलगा २३ घेतो, म्हणजे भाव ४६ चाच झाला, किंवा २२ घेतो, म्हणजे ४४ च राहिला. सम आकड्यावर राहा. आणि प्रयोगाच्या मध्यात बाजारात साखर रुपयाने चढली तर? चढू द्या. तुम्हाला धरून ठेवायचा आहे तो दोन दुकानांतला दोन रुपयांचा फरक. दोन्हीकडे एकाच दिवशी एक-एक रुपया वाढवा, ४५ आणि ४७, आणि अर्ध्या किलोला साडेबावीस असो की साडेतेवीस, तोंडी गोळाबेरीज करायची नाही, बिलातच तसं काढा. आजकाल बरेचसे पैसे मोबाइलवरून येतात, त्यामुळे पन्नास पैशांवरून पूर्वीइतकी अडचण होत नाही.

आता नोंद. बिलिंगमध्ये साखरेचा एकच आयटम असेल तर आजच त्याचे तीन करा: किलोपर्यंतची, दोन-तीन किलोची आणि पाच किलोची. त्याशिवाय चहाच्या टपरीवाल्यांचं आणि आचाऱ्यांचं वेगळं खातं. टपरीवाला रोज पाच किलो नेतो, त्याला रुपयाही कळतो, आणि तो एकटा गेला की महिन्यात दीडशे किलो जातात. त्याला प्रयोगात धरू नका, त्याचा भाव आहे तोच ठेवा. तसंच एखाद्याने लग्नाला अख्खं पोतं नेलं तर ते दोन्ही दुकानांच्या मोजणीतून वगळा. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात माल पाठवलात तर ते पोतं विक्रीत चढत नाही ना, हेही बघा. आमच्याकडे एकदा चढलं होतं. आणि एखाद्या दुकानात साखर दीड दिवस संपली तर ते दोन दिवस दोन्ही दुकानांतून काढून टाका, एकाच दुकानातून नको.

पिशव्या आधी भरून ठेवत असाल तर एक सावधगिरी. गिऱ्हाइकासमोर वजन करून दिली ती सुट्टी साखर, तिचा भाव दोन दुकानांत वेगळा ठेवायला सर्वसाधारणपणे हरकत नाही. पण आधीच भरून ठेवलेली पिशवी म्हणजे वैधमापनाच्या नियमाने पॅकबंद वस्तू, तिच्यावर वजन, किंमत वगैरे छापावं लागतं आणि छापील किमतीच्या वर एक पैसा घेता येत नाही. प्रयोगाचे दोन महिने सुट्टीच विका, सोपं पडेल.

प्रयोग कशाने बिघडतो असं कुणी विचारलं तर मी आधी आमच्या वडिलांचं नाव घेईन. गोडोलीच्या गल्ल्यावर ते बसायचे. पाटी ४२ ची, पण ओळखीचं कुणी आलं की ‘तुम्हाला चाळीसच हो’. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, वा, विक्री जराही हलली नाही. मग साखरेचे जमा झालेले एकूण रुपये आणि एकूण किलो यांचा भागाकार केला, तर ४१ रुपये ३० पैसे आले. म्हणजे दर तीन किलोंतला एकाहून जरा जास्त जुन्याच भावाने जात होता, आणि तो नेमका जुन्या यादीवाल्या घरांना, ज्यांची परीक्षा घ्यायची होती त्यांनाच. हा भागाकार रोज रात्री करा. रुपये भागिले किलो बरोबर ४६ यायला हवेत. पन्नास पैसे जरी कमी आले तरी कोणीतरी मायेने देतंय हे समजा. त्यांना बोलून काही होत नाही. आम्ही बिलिंगमध्ये भाव कुलूपबंद केला आणि वडिलांना सांगितलं की सूट द्यायची तर साखरेवर नको, बिलाच्या शेवटी पाच रुपये सोडा.

आणि कोणी बाई आली आणि म्हणाली, ‘माझ्या बहिणीला मिरजेत ४४ ला दिली’, तर वाद घालू नका. तिला ४४ ला द्या आणि वहीत काट मारा. सांगली-मिरजेचं अंतर बघता अशा काटा थोड्याच पडतील. महिन्यात वीस-पंचवीस पडल्या तर मात्र तुमची दोन दुकानं एकमेकांचंच गिऱ्हाईक ओढतायत, आणि गुणोत्तर दुप्पट खोटं बोलेल. एकीकडची घट दुसरीकडे वाढ म्हणून दिसेल.

आता वाचन. जुलैत आम्ही उलटं केलं, राजवाड्याला ४२ आणि गोडोलीला पुन्हा ४०. गोडोलीत १४४० किलो गेली, राजवाड्याला १०९२. आता राजवाडा भागिले गोडोली बघायचं. नेहमीचं ०.८०, जुलैचं ०.७६. घट साधारण पाच टक्के. म्हणजे त्याच दोन रुपयांनी गोडोलीत साडेनऊ टक्के आणि राजवाड्याला पाच. ४० चे ४२ म्हणजे भावात पाच टक्के वाढ. घटीचे टक्के भागिले भाववाढीचे टक्के, याला अर्थशास्त्राची माणसं लवचिकता म्हणतात. गोडोलीत ती जवळजवळ दोन, राजवाड्याला एक.

पण या आकड्यांवर किती विसंबायचं? त्यासाठीच सहा महिन्यांच्या जुन्या नोंदी. भाव सारखाच असताना आमचं गुणोत्तर डिसेंबर ते मे या काळात १.२२ ते १.२९ यांच्यात फिरत होतं. म्हणजे काहीही न करता ते मधल्या १.२५ च्या खाली-वर तीन टक्के झोके घेतंच. माझा अंदाजाचा नियम असा की झोक्याच्या दुपटीहून कमी आलं तर त्यावर पैसे लावायचे नाहीत. गोडोलीचे साडेनऊ टक्के सरळ बाहेर पडतात, ते खरे. राजवाड्याचे पाच टक्के दोन असतील, आठही असतील. ‘राजवाड्याला फारसं बिघडत नाही’ एवढंच मी म्हणू शकतो, ‘पाचच टक्के’ असं नाही. आणि दोन्ही दुकानांची सरासरी काढून एक आकडा बनवणं तर मुळीच करू नका. दोन वेगळ्या वस्त्यांची ती सरासरी कुठल्याच वस्तीची नसते.

खरं काही कळलं ते तीन आयटममुळे. जूनमध्ये भाव तोच ठेवला असता तर गोडोलीत किती गेली असती? राजवाड्याचे ११४० गुणिले १.२५, म्हणजे १४२५. प्रत्यक्षात १२९०. तूट १३५ किलो. आयटमवार बघितलं तर त्यातली जवळजवळ ११० किलो पाच-पाच किलोच्या खरेदीतून गेली होती, म्हणजे बावीसेक खरेदी कमी. किलो-अर्धा किलोवाला जवळपास जिथल्या तिथे. विचार केला तर सरळ आहे. अर्धा किलो नेणाऱ्याला एक रुपया जास्त पडतो, तो काही त्या रुपयासाठी उन्हातून पुढच्या चौकात जाणार नाही. पाच किलोवाल्याच्या बिलात दहा रुपये वाढतात, तो यादी घेऊन गाडीवर आलेला असतो, आणि रस्त्यात मोठं मार्ट लागतं. राजवाड्याला पेठेतली म्हातारी माणसं पायी येऊन थोडं थोडं नेतात, पाच किलोची खरेदीच कमी, म्हणून तिथे घटही कमी.

आणि यादीवाली घरं? गोडोलीत उधारीच्या वहीत ६४ घरं होती. वही म्हणजे नावनिशीची नोंद, तिच्याइतकी चांगली मोजपट्टी बिलिंगमध्येही नाही. एरवी कुठल्याही महिन्यात दोनेक घरं येत नाहीत, गावाला जातात, आजारपण असतं. जूनमध्ये सहा आली नाहीत. म्हणजे भावामुळे चार, फार तर. जुलैत भाव उतरवल्यावर सहातली तीन परतली. याशिवाय सात-आठ घरं अशी की यादी आमच्याकडेच, पण यादीत साखर नाही. मला खरी भीती या घरांची वाटली. आज साखर दुसरीकडून आणणारा उद्या त्याच पिशवीत तेलाचा डबाही आणतो.

पैशांत मांडतो. गोडोलीत जूनमध्ये साखरेवर १२९० गुणिले ५, म्हणजे ६४५० मिळाले. जुन्या भावाने १४२५ गुणिले ३, म्हणजे ४२७५ मिळाले असते. फायदा २१७५. गेलेल्या चार घरांचे अडीचशेप्रमाणे हजार वजा. उरले पावणेबाराशे. पण बिनसाखरेच्या त्या सात-आठ यादींपैकी पाच जरी पुढे निसटल्या तर हा फायदा शून्याखाली. चार घरं हा आकडाही इतका लहान की त्यात योगायोगाचा भाग किती ते सांगता येत नाही. एक महिन्याच्या प्रयोगाची धाव इथेच संपते. किलोंचं तो बऱ्यापैकी सांगतो, घरांचं नुसतं बोट दाखवतो.

मी तेव्हा काय केलं, तर गोडोलीत पाच किलोला २०० च ठेवले आणि किलोची पाटी ४२ ची केली. राजवाड्याला सरसकट ४२. पुढच्या दोन महिन्यांत गोडोलीत दोन-तीन किलोवाले काही पाच किलोवर सरकले, त्यामुळे सरासरी सुटणारे पैसे मी धरले होते त्यापेक्षा कमी आले, पण यादीत साखर परत आली. तुमच्याकडेही कदाचित विश्रामबागला गोडोलीसारखं आणि मिरजेला राजवाड्यासारखं निघेल, किंवा बाजाराच्या दिवसामुळे अगदी उलटंही. माझे टक्के उचलून तुमच्या दुकानाला लावू नका. आणि दोन रुपयांवरून चार रुपयांचं अनुमान काढू नका. साखरेत गिऱ्हाईक एका मर्यादेपर्यंत कुरकुरत घेतं आणि त्यापुढे एकदम उठून जातं. ती मर्यादा सरळ रेषेत सापडत नाही.

सुरुवात पाटी बदलून नको, जुन्या बिलांपासून करा. गेल्या सहा महिन्यांची, दर महिन्याची १ ते २३ तारखेची, टपरी-आचारी वगळून दोन्ही दुकानांची साखर काढा आणि सहा गुणोत्तरं एकाखाली एक लिहा. ती तीन-चार टक्क्यांत फिरत असतील तर २४ मेला विश्रामबागची पाटी बदला. दहा-दहा टक्के उड्या मारत असतील तर या दोन दुकानांवर साखरेचा हा प्रयोग करण्यात अर्थ नाही, महिन्याने काय, तीन महिन्यांनीही ठळक काही दिसणार नाही. मग भाव दोन्हीकडे तोच ठेवा, एकाच दुकानात फक्त पाच किलोवर दोन रुपये किलोची सूट लावा, आणि वहीतल्या किती घरांच्या यादीत साखर नव्याने आली ते मोजा. तिथे नावं मोजायची आहेत, आणि नावं किलोंइतकी उड्या मारत नाहीत.